‘सिग्निफिकंट’ लिहून थांबू नका, कॉन्फिडन्स इंटरव्हलही द्या

समजा, करवीर तालुक्यात उसाच्या दोन लागण पद्धतींची चाचणी घेतली, प्रत्येकीचे 20 प्लॉट. नव्या पद्धतीत एकरी सरासरी 4 टन ऊस जास्त निघाला आणि पी-व्हॅल्यू आली 0.04. प्रबंधात बहुतेक जण ‘फरक सिग्निफिकंट आहे’ एवढंच लिहून मोकळे होतात. पण फरक किती, हे त्यातून कळतच नाही.

एक्सेलचं टी-टेस्ट टूल फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल देत नाही, तरी लागणारे आकडे त्याच तक्त्यात असतात. सरासरींतला फरक `t Stat` ने भागा: 4 ÷ 2.1, म्हणजे साधारण 1.905. ही झाली स्टँडर्ड एरर. तिला `t Critical two-tail` ने, इथे 2.02 ने, गुणा: 3.85. ही संख्या 4 मधून वजा करा, मग 4 मध्ये मिळवा.

आता लिहा: ‘फरक एकरी 4 टन (95% कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.15 ते 7.85), पी = 0.04’.

नव्या पद्धतीचा जादा खर्च 2 टन उसाच्या किमतीएवढा असेल, तर ती परवडेलच असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. खालचं टोक 2 च्या बरंच खाली आहे. नुसत्या 0.04 वरून शेतकऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.