झोक्यावरची पोर आणि तिच्याभोवतीची रेघ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या अमळनेरकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या झाडाला झोके बांधतात. शेजारच्या काकूंच्या तीन बहिणींना एका वर्षी येणं जमणार नव्हतं. नातीचा झोक्यावरचा एक फोटो होता, त्याचं शुभेच्छापत्र करून दे, असं काकू म्हणाल्या. फोटोवर हाताने रेघा मारून, चांदण्या काढून, अक्षरं लिहून कार्ड करायचं काम मी तेव्हा नुकतंच सुरू केलं होतं. ते एकच कार्ड मी तीनदा केलं. या कामात नव्याने येणाऱ्याला जे अडतं त्यातलं बरंचसं त्या तीन खेपांमध्ये आलं, म्हणून तेच सांगते.

फोटो उभा होता. पोर उजवीकडे वरच्या बाजूला, झोका पूर्ण वर गेलेला, वेणी मागे उडालेली, तोंड डावीकडे. तिच्या मागे निंबाची गर्द सावली, डावीकडे मोकळं आभाळ, खाली अंगणातली माती. फोटो भर दुपारचा. वैशाखातलं आपल्याकडचं आभाळ फोटोत निळं येत नाही, पांढरंफटक येतं. पुढे मला सगळ्यात जास्त या आभाळानेच छळलं.

पहिल्या खेपेला मी पोरीच्या अंगाला घासून रेघ काढली. केसाची प्रत्येक बट, फ्रॉकची प्रत्येक चुणी धरत गेले. दोन तास लागले आणि मला ते फार सुबक वाटलं. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "पोर कापीसन चिटकाडेल दिसस." अगदी खरं होतं ते. रेघ कडेला तंतोतंत चिकटली की डोळ्याला ती कात्रीची कड वाटते, आणि माणूस मागच्या झाडापासून सुटून वर चिकटवल्यासारखा दिसतो. शिवाय एखाद्या ठिकाणी रेघ अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी ती चूक दिसते, कारण बाकी सगळं अचूक असतं.

आता मी रेघ अंगापासून दोन-तीन मिलिमीटर दूर ठेवते, आणि एकाच वळणावरून हात दोनदा फिरवते. दोन्ही फेऱ्या एकमेकींवर बसू देत नाही. कुठे त्या एकमेकींना ओलांडतात, कुठे त्यांच्यात फट राहते. केसांचं वळण एकाच झोताने घ्यायचं, बटा मोजायच्या नाहीत. बोटं, नाक, कान इथे रेघ नकोच. आणि पूर्ण वेढा घालायचा नाही. या फोटोत मी वेणीच्या टोकापासून निघून डोक्यावरून, पाठीवरून झोक्याच्या पाटापर्यंत आले आणि थांबले. पाय मोकळे सोडले, कारण झोका जिकडे चालला आहे ती बाजू उघडी असली की वेग दिसतो.

हात कुठे चालवायचा तेही सांगते. माझं कार्ड पाच बाय सात इंचाचं असतं. फोटोची दीडपट मोठी, म्हणजे साडेसात बाय साडेदहा इंचाची, फिकट प्रिंट साध्या कागदावर काढते. ती ए-४मध्ये बसते. त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटपट्टीने बसवायचा आणि फोटोच्या चार कोपऱ्यांवर अधिकच्या चिन्हासारख्या चार खुणा करायच्या, म्हणजे नंतर जुळवताना चाचपडावं लागत नाही. दीडपट मोठं काढलं की हाताचा कंप लहान करताना कमी दिसतो. पण रेघही तितकीच बारीक होते, हे विसरू नका. पेनाची रेघ सव्वा मिलिमीटरची असेल तर कार्डावर ती पाऊण मिलिमीटरच्या जराशीच वर उतरते. पांढरी रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की छापताना आजूबाजूची शाई तिच्यात शिरते आणि ती तुटक दिसते. छपाईत पांढरा रंग बहुतेक ठिकाणी नसतोच. पांढरं म्हणजे शाई न लागलेला कागद, हे एकदा डोक्यात बसलं की जाडीचा हिशेब आपोआप होतो. ट्रेसिंग पेपरवर जेल पेनाची शाई लवकर वाळत नाही आणि हाताखाली फासते, म्हणून मी काळा मार्कर वापरते.

काढलेलं चित्र पाठीमागे कोरा पांढरा कागद ठेवून ३०० डीपीआयवर स्कॅन करायचं. काळ्या रेघेची पांढरी करायची तर ते उलटवायचं, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करायचं, मग फोटोवर वेगळा लेयर म्हणून ठेवायचं आणि त्या लेयरचा मोड `Screen` करायचा. काळं नाहीसं होतं, पांढरी रेघ उरते. फोटोशॉपमध्ये उलटवायला `Ctrl+I` आहे. गिम्पमध्ये मात्र तीच बटणं फक्त निवड उलटी करतात, म्हणजे न निवडलेला भाग निवडतात, चित्रावर काहीच घडत नाही. तिथे `Colors` मेनूतलं `Invert` घ्यायचं.

इथे माझी दुसरी खेप फसली. ट्रेसिंग पेपर स्कॅनमध्ये कधीच शुभ्र येत नाही, किंचित राखाडी येतो. उलटवल्यावर ते राखाडी गडद राखाडी होतं, काळं होत नाही, आणि `Screen`मध्ये त्याचा धुक्यासारखा थर अख्ख्या फोटोवर बसतो. स्क्रीनवर मला फोटो थोडा मऊ वाटला, बरा वाटला. छापून आल्यावर पोरीचे काळेभोर केस धुरकट झालेले दिसले. तपासायची सोपी रीत आहे: लेयरसमोरचा डोळा बंद-चालू करायचा आणि फोटोतल्या सगळ्यात काळ्या जागेकडे बघायचं. तिथे जरा जरी फरक पडला तर स्कॅनमधला कागद साफ झालेला नाही. उलटवण्याआधी `Levels`मध्ये उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे ओढायचा, कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत. जास्त ओढला तर रेघेच्या बारीक शेपट्या गळतात, म्हणून हळूहळू.

तिसऱ्या खेपेला राहिलं ते आभाळ. निंबाच्या सावलीवर पांढरी रेघ झळकत होती आणि पांढऱ्या आभाळावर ती दिसतच नव्हती. पांढऱ्या रेघेखाली काळी सावली देता येते, बरेच जण देतात. मला ती आवडत नाही, कारण हाताच्या हलक्या रेघेला ती पत्र्याच्या पाटीसारखं जड करते. मी रंगच वाटून घेतले. गर्द भागात पांढरं, आभाळावर गर्द मरून. मरूनसाठी तेच चित्र न उलटवता, रंग देऊन, `Multiply` मोडमध्ये ठेवलं. पण एकच रेघ अर्धी पांढरी, अर्धी मरून केली नाही. पोरीभोवतीची रेघ पूर्ण पांढरी ठेवून सावलीतच संपवली, आणि आभाळावर फक्त अक्षरं मरून घेतली. कुठला भाग कोणत्या रंगाचा हे ठरवायला फोटो आधी काळा-पांढरा करून बघावा. जी जागा ना काळी ना पांढरी अशी मधलीच दिसते, तिथे कुठलीच रेघ धड उठत नाही. अंगणातली माती तशीच होती. तिथे मी काहीही काढलं नाही.

अक्षरांची जागा मी आता सगळ्यांत आधी ठरवते. रेघ वाकवता येते, चांदणी हलवता येते, पण "आखाजीन्या शुभेच्छा" एवढ्या मजकुराला शांत जागा लागते, आणि फोटोत अशी जागा बहुधा एकच असते. निंबाच्या पानांवर अक्षरं टाकून बघितली तेव्हा प्रकाशाचे कवडसे मात्रांसारखेच दिसायला लागले आणि वाचताना डोळा अडखळत होता. आभाळात अक्षरं दोन ओळींत बसली.

देवनागरीत ओळींमधलं अंतर वर-खालच्या मात्रांनी ठरतं. "आखाजीन्या"ला खाली उकार नाही, म्हणून दुसरी ओळ बरीच जवळ येऊ शकते. फक्त "भे"च्या मात्रेला शिरता येईल एवढी जागा लागते. हीच जोडी उलटी लावली असती तर वरच्या "शु"चा उकार खालच्या "जी"च्या वेलांटीत अडकला असता. तळाशी मात्र "शु"च्या उकाराखाली श्वास घ्यायला जागा सोडावी लागते. मी शिरोरेघ शेवटी मारते, एका हाताने, न उचलता. ती आधी मारली की अक्षरं तिला टांगल्यासारखी ताठ होतात. शिरोरेघेचं टोक आणि चित्रातली रेघ समोरासमोर आली तर डोळा त्या दोघी जोडून टाकतो, म्हणून टोक जरा आधीच थांबवायचं.

आणि "ख". सैल हाताने लिहिताना त्याचे दोन भाग सुटतात आणि "आखाजी"चं "आरवाजी" होतं. छपाईतल्या "ख"चे दोन्ही भाग खाली जोडलेले असतात ते याचसाठी. कितीही मोकळं अक्षर काढत असलात तरी तो जोड ठसठशीत द्या.

चांदण्या शेवटी. पेन न उचलता काढायची पाच टोकांची चांदणी छान दिसते, पण कार्डावर ती पाच मिलिमीटरपेक्षा लहान झाली की मधला पंचकोन शाईने बुजतो आणि ठिपका दिसतो. लहान चांदणीसाठी मी एकमेकींना छेदणाऱ्या तीन रेघा मारते. या कार्डावर सातच काढल्या, सगळ्या झोक्याच्या मागे: पाटाजवळ मोठी, मग मागे मागे लहान होत जाणाऱ्या, झोका ज्या वाटेने वर आला त्या वळणावर. आधी मी त्या चेहऱ्यासमोरही टाकल्या होत्या. पोर कुठेतरी दूर बघते आहे ते त्यांनी झाकून गेलं, म्हणून काढल्या. पिवळा रंग सावलीवर द्यायचा तर लेयर `Normal` ठेवा. `Multiply`मध्ये पिवळं गर्द हिरव्यात बुडून जातं, आणि पाठीमागे फक्त काळपट खुणा राहतात.

छपाईला देताना चारही बाजूंनी तीन मिलिमीटर फोटो जास्तीचा ठेवते आणि अक्षरं कडेपासून निदान सहा मिलिमीटर आत. कागदाचा गठ्ठा कापताना पातं एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे सरकतं. फोटोला ते कळत नाही, पण कडेजवळच्या वेलांटीचं टोक उडालं की लगेच दिसतं. आधी एकच प्रत काढून घेते आणि ती दुकानातल्या ट्यूबखाली बघत नाही, बाहेर उन्हात आणते. त्या प्रतीवर मला निंबाच्या फांदीआडून जाणारी विजेची तार दिसली, स्क्रीनवर ती नजरेतून सुटली होती. पाचवी चांदणी बोटभर वर सरकवून तारेवर ठेवली, आणि मग काकूंच्या तीन बहिणींसाठी तीन आणि घरात ठेवायला एक, अशी चार कार्डं छापली.