टू-स्टेप चालू होतं, तरी चॅनल गेलं: या चुका टाळा

माझा मावसभाऊ तासगावजवळ द्राक्षं करतो. छाटणी, विरळणी, फवारणी यांवर त्याचं यूट्यूब चॅनल आहे. गेल्या ऑक्टोबरात, ऐन फळछाटणीत, सकाळी सहाला वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आपल्या चॅनलवर कसला तरी परदेशी माणूस लाइव्ह बोलतोय, अन् आपलं नावच दिसत नाही." मी सांगलीत लोकांचे कॉम्प्युटर आणि चॅनलं सांभाळण्याचंच काम करतो, म्हणून लगेच उघडून बघितलं. नाव बदललेलं, चित्र बदललेलं, दोनशेच्या वर व्हिडिओ गायब आणि क्रिप्टो दुप्पट करून देतो म्हणणारं लाइव्ह चालू.

दादाचा पहिला प्रश्न होता, "अरे, टू-स्टेप तर चालू आहे ना माझं?" पासवर्डनंतर फोनवर आणखी एक पडताळणी मागणारं ते टू-स्टेप खरंच चालू होतं. कमाई चालू असलेल्या चॅनलांना गूगलनं 1 नोव्हेंबर 2021 पासून ते सक्तीचंच केलंय. मग चोर आत कसा आला, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या बहुतेक चुका ते न समजल्यानंच होतात.

चूक पहिली: टू-स्टेप म्हणजे घराला कुलूप, असं समजणं

बाजार समितीत बेदाणा घेऊन गेलात की गेटवर नोंद होते आणि पावती मिळते. मग दिवसभर तुम्हाला कुणी ओळख विचारत नाही, पावती दाखवली की झालं. ब्राउझरचंही तसंच आहे. पासवर्ड आणि फोनवरची पडताळणी एकदा झाली की गूगल ब्राउझरला एक पावती देतं, तिला कुकी म्हणतात. म्हणूनच रोज यूट्यूब उघडताना कोड मागितला जात नाही. चोरानं गेट फोडलं नाही, त्यानं दादाच्या खिशातली पावतीच उचलली. ती स्वतःच्या ब्राउझरमध्ये टाकली आणि गूगलला तो दादाच वाटला. पासवर्ड किंवा टू-स्टेप बदलायला गेलं की गूगल पुन्हा पासवर्ड विचारतं, पण तो दादानं ब्राउझरमध्येच सेव्ह केलेला होता. चोरीचा प्रोग्राम कुकीबरोबर तोही घेऊन गेला.

टू-स्टेप म्हणून बिनकामाचं नाही. नुसता पासवर्ड फुटला तर तेच वाचवतं. पण त्यातही फरक आहे. एसएमएसनं किंवा ऑथेंटिकेटर ॲपमधून आलेला सहा आकडी कोड तुम्ही नकली पानावर टाकलात, तर पलीकडचा माणूस त्याच मिनिटाला तो खऱ्या पानावर वापरतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं किंवा बोटाच्या ठशानं चालणारी किल्ली, किंवा यूएसबीची सिक्युरिटी की मात्र पानाचा पत्ता स्वतः तपासते, नकली पानावर ती चालतच नाही. त्यामुळे चॅनलाच्या खात्याला पासकी लावाच. फक्त एवढं ध्यानात असू द्या की कुकीच चोरीला गेली तर पासकीही तिला थांबवत नाही. तिथं लॅपटॉपवर कोणती फाइल उघडली जाते, यावरच सगळं अवलंबून आहे.

चूक दुसरी: करार म्हणून आलेली फाइल उघडणं

दादाला मेल आली होती. मातीतला ओलावा मोजणारं यंत्र बनवणारी कंपनी, व्हिडिओला चांगले पैसे, दोन दिवस सभ्य बोलणं. मग ड्राइव्हची लिंक आणि सोबत झिप फाइलचा पासवर्ड. आत एकच फाइल होती:

```
Contract_Details.pdf.scr
```

विंडोज शेवटचं `.scr` मुळात लपवतं, म्हणून दादाला दिसलं फक्त `.pdf`, त्यावर पीडीएफचंच चिन्ह. `.scr` म्हणजे स्क्रीनसेव्हर, पण आतून तो `.exe` सारखाच चालणारा प्रोग्राम असतो. दादानं रात्री नऊला दोनदा क्लिक केलं, काहीच उघडलं नाही, "फाइल खराब असेल" म्हणून तो झोपायला गेला. काहीच न उघडणं, हीच खरी खूण होती.

दुसरी खूण म्हणजे फाइलचा आकार. झिपमधून बाहेर काढल्यावर ती 700 एमबीच्या वर होती. दोन पानी करार काही शे केबीचा असतो. फाइल मुद्दाम फुगवतात, कारण फार मोठ्या फाइली तपासणीतून सुटतात. गूगल ड्राइव्ह 100 एमबीपेक्षा मोठ्या फाइलीत व्हायरस शोधत नाही, आणि फाइली तपासून देणारी व्हायरसटोटल ही साइट 650 एमबीच्या वर फाइल घेतच नाही. झिपला पासवर्ड लावतात तोही त्याचसाठी, म्हणजे आत डोकावता येऊ नये.

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स, ही खूण आजच चालू करा. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खरा दिसला म्हणूनही विसंबू नका. चोर यूट्यूबवर खासगी व्हिडिओ ठेवून तो शेअर करतात, तेव्हा मेल खरोखरच `no-reply@youtube.com` वरून येते. 2025 मध्ये यूट्यूबच्या प्रमुखांचा एआयनं बनवलेला नकली व्हिडिओ असाच फिरवला गेला. यूट्यूब खासगी व्हिडिओ पाठवून कधीच काही कळवत नाही.

चूक तिसरी: त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलणं

दादाचं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं. सकाळी मी गाडीत बसेपर्यंत त्यानं लॅपटॉप उघडला. पासवर्ड अजून चालत होता. त्यानं नवा टाकला, चोराचं लाइव्ह बंद केलं, चित्र परत आपलं केलं आणि मला फोन केला, "झालं बघ." अर्ध्या तासात खातं पुन्हा हातातून गेलं, या वेळी पासवर्ड आणि रिकव्हरी नंबरसकट. तो प्रोग्राम लॅपटॉपवर अजून बसलेला होता. नवी कुकी आणि नवा पासवर्ड, दोन्ही दादानंच त्याच्या पुढ्यात ठेवले.

असले काही प्रोग्राम एकदा चोरून स्वतःला पुसतात, काही मागे राहतात. आपल्याकडे कोणता आलाय हे वरून दिसत नाही, म्हणून मागे राहणाराच आहे असं धरून चाला. आधी लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि त्याला हात लावू नका. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, शक्यतो रोजच्या वापरातल्या फोनवरून. नंतर लॅपटॉपवर विंडोज नव्यानं टाका. नुसतं अँटिव्हायरस फिरवून समाधान मानू नका.

चूक चौथी: रिकव्हरी भलत्याच ठिकाणाहून करणं

पुतण्या पुण्यात असतो. त्यानं तिथून, स्वतःच्या लॅपटॉपवरून दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा गूगलनं नकार दिला. `g.co/recover` वर माणूस बसलेला नसतो. यंत्र ओळखीचं आहे का, ठिकाण ओळखीचं आहे का, उत्तरं जुळतात का, यावर ते ठरवतं. अनोळखी ठिकाणाहून पुन्हापुन्हा धडका मारल्या की आपणच चोर वाटायला लागतो.

मी दादाला त्याच्याच घरात, नेहमीच्या वाय-फायवर, तीन वर्षं वापरलेल्या फोनवरून बसवलं. जुना पासवर्ड आठवेल तो टाकायला सांगितला, कारण पूर्वीचा पासवर्डही उपयोगी पडतो. रिकव्हरी नंबर बदलला गेला असला तरी 7 दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड मागायचा पर्याय मिळू शकतो. तो दिसला, कोड आला आणि खातं परत मिळालं. आठवडा उलटला की हा रस्ता बंद, म्हणून "उद्या बघू" म्हणू नका.

खातं मिळतच नसेल तर एक्सवर `@TeamYouTube` ला चॅनलाच्या लिंकसकट लिहिता येतं. पण लिहिलंत की पाच मिनिटांत खाली "अमुक माणसानं माझं चॅनल परत आणून दिलं" अशी उत्तरं पडतात. ती चोरांचीच दुसरी फळी असते. कुणालाही पैसे किंवा कोड देऊ नका. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

चूक पाचवी: खातं मिळालं म्हणजे काम संपलं असं मानणं

चोर जाताना मागचं दार उघडं ठेवून जातो. `myaccount.google.com/security` वर अनोळखी यंत्रं साइन आउट करा, चोरानं स्वतःची पासकी किंवा नंबर जोडलाय का बघा, ॲप पासवर्ड आणि जोडलेली बाहेरची ॲपं काढा, बॅकअप कोड नव्यानं घ्या. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. हे बहुतेक जण विसरतात. दादाच्या जीमेलमध्ये एक फिल्टर होता, गूगल आणि यूट्यूबच्या मेल थेट कचऱ्यात टाकणारा. तो तसाच राहिला असता तर पुढच्या वेळचा इशारा दादाला दिसलाच नसता.

त्यानंतर यूट्यूब स्टुडिओ. सेटिंग्जमधल्या परमिशन्समध्ये अनोळखी पत्ता असेल तर काढा. व्हिडिओ सहसा पुसलेले नसतात, खासगी केलेले असतात. कंटेंटमध्ये एकत्र निवडून ते पुन्हा सार्वजनिक करता येतात, पण मुळात खासगी असलेलेही त्यात उघडे पडतील, तेवढं बघून घ्या. चोराचे व्हिडिओ लगेच काढा, त्यांच्यामुळे चॅनलावर नियमभंगाची स्ट्राइक येते. चॅनलच बंद केलं गेलं असेल तर आधी गूगल खातं परत मिळवायचं आणि मग अपील करायचं. उलट क्रमानं केलं तर अपिलाचं उत्तर चोराच्या हाती पडतं.

नावाशी आम्ही अडलो. चॅनलाचं नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, आणि चोरानं दोन वेळा आत येऊन ते दोन्ही बदल संपवले होते. चित्र, बॅनर, वर्णन आणि लिंका त्याच दिवशी आपल्या केल्या, नावासाठी मदतीच्या चॅटवर कळवलं आणि पोस्ट टाकून प्रेक्षकांना काय झालं ते सांगितलं. एका बागायतदारानं खाली लिहिलं, "दादा, नाव काही का असेना, डाऊनीवर कधी व्हिडिओ टाकताय ते सांगा."

आता व्हिडिओ जोडणाऱ्या मुलाला पासवर्ड दिलेला नाही. परमिशन्समधून त्याच्याच मेलवर एडिटर म्हणून परवानगी दिली आहे, त्यामुळे त्याचा लॅपटॉप फसला तरी मालकी जात नाही. चॅनलाचं मूळ खातं फक्त दादाच्या फोनवर उघडतं आणि जाहिरातीच्या मेलांसाठी वेगळा पत्ता आहे, ज्याचा चॅनलाशी संबंध नाही. आठ आकडी दहा बॅकअप कोड आधी फोनमध्येच फोटो काढून ठेवलेले होते. ते पुसून वहिनींनी वहीच्या कागदावर स्वतः लिहून घेतले आणि कपाटात सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवले. एक कोड वापरला की त्यावर काट मारायची, कारण तो दुसऱ्यांदा चालत नाही, हेही त्यांनी कागदाच्या वरच लिहून ठेवलंय.