ऊस वाहतुकीआधी ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स नेमका कुठला आहे ते बघून घ्या

ज्वारीची पेरणी उरकली की लगेच कारखाने चालू होतील, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात बरेच ट्रॅक्टर असे आहेत की जो सकाळी रानात पेरतो तोच रात्री उसाच्या ट्रॉल्या ओढतो. ही दोन कामं गिअरबॉक्सला एकदम वेगळी पडतात आणि नेमकं हेच नवा ट्रॅक्टर घेताना कुणी विचारत नाही, सगळे एचपी विचारतात, लिफ्ट किती किलो उचलती विचारतात आणि बुकिंग करून मोकळे.

आधी एक गोंधळ काढून टाकतो. साईड शिफ्ट आणि सेंटर शिफ्ट हे गिअरबॉक्सचे प्रकार नाहीत, ती फक्त लिव्हर कुठं बसवलीय त्याची नावं आहेत. शोरूमला "साईड शिफ्ट आहे, कारसारखा गिअर पडतो" असं सांगितलं की लोकांना वाटतं सिंक्रोमेश मिळाला, पण आत कॉलर शिफ्टच असू शकतो.

कॉलर शिफ्ट, ज्याला कॉन्स्टंट मेश पण म्हणतात, त्यात सगळे गिअर एकमेकात कायम अडकलेले असतात पण शाफ्टवर मोकळे फिरतात, आपण लिव्हर ओढली की दातऱ्यांची एक कॉलर सरकते आणि त्यातला एक गिअर शाफ्टला पक्का धरते. आता कॉलर आणि गिअर वेगवेगळ्या स्पीडनं फिरत असतील तर दात दातावर आपटतात, तो कर्रकर्र आवाज त्याचाच. म्हणून ट्रॅक्टर उभा करूनच गिअर टाकायचा. सिंक्रोमेशमध्ये कॉलरच्या आधी एक पितळी किंवा तसली रिंग गिअरच्या शंकूवर घासते, दोघांची स्पीड सारखी करते आणि मग कॉलर बसते, त्यामुळं क्लच दाबून चालत्या ट्रॅक्टरवर गिअर बदलता येतो.

मग सिंक्रोमेश सगळ्यालाच चांगला का? तर नाही. पल्टी नांगर लावून काळ्या रानात चालताय आणि क्लच दाबला तर काय होतं आठवा, नांगर मातीत अडकलेला असतो, ट्रॅक्टर जागेवर थांबतो. एका पावलाचंही अंतर तो पुढं जात नाही. मग चालत्यात गिअर बदलायचा प्रश्नच कुठं येतो, तास सुरू करतानाच गिअर ठरवायचा असतो आणि बांधापर्यंत तोच ठेवायचा असतो. नांगरणी, रोटावेटर, पेरणी, फणपाळी या सगळ्याला साधा कॉलर शिफ्ट पुरतो, तिथं जास्तीचे पैसे घालून फायदा दिसणार नाही.

रस्त्यावर उलटं आहे. भरलेल्या ट्रॉल्या एकदा चालायला लागल्या की क्लच दाबला तरी रेट्यानं चालत राहतात, मग तिसऱ्यातनं चौथा टाकायला वेळ मिळतो. कॉलर शिफ्टवाल्याला हे जमत नाही म्हणून आपले ड्रायव्हर काय करतात, रानातनं डांबरीवर आले की थांबायला नको म्हणून हायच्या तिसऱ्यातच क्लच अर्धा धरून उचलतात. एवढं वजन जागेवरनं हलवायला क्लच प्लेट घासत राहते, जळका वास येतो, आणि हंगाम संपायच्या आत प्लेट जाते. नुकसान गिअरबॉक्सच्या प्रकारामुळं होतंय पण बिल येतं क्लचचं, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. कॉलर शिफ्ट असेल तर खालच्या गिअरात उचला, सपाट जागा बघून पूर्ण थांबा, मग वरचा टाका. दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

जास्त जपायची जागा म्हणजे उतार. मागच्या हंगामात आमच्या मोहोळ भागात कालव्याच्या पुलावर माझ्या समोर झालेलं सांगतो. आठ पुढचे दोन मागचे गिअर असलेला कॉलर शिफ्टचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या फुल भरलेल्या, पोरगं नवीन. चढ हायच्या दुसऱ्यात नीट चढलं. माथ्यावर आल्यावर त्याला वाटलं आता उतार आहे, तिसरा टाकू. क्लच दाबला, दुसरा निघाला, तिसरा बसेना, नुसती कर्रकर्र. मग घाबरून परत दुसरा टाकायला गेला तर तोही बसेना, कारण तोवर इंजिन खाली आलेलं आणि चाकं उताराला जोरात फिरायला लागलेली, म्हणजे दोन्हीतला फरक दर सेकंदाला वाढतच होता. ट्रॅक्टर न्यूट्रलला, ट्रॉल्या मागनं ढकलतायत. नशीब चांगलं की त्याच्या दोन्ही ब्रेक पेडलची पट्टी लावलेली होती, एकच ब्रेक लागला असता तर ट्रॅक्टर आडवा झाला असता. खाली सपाटीला कसाबसा उभा राहिला.

म्हणून नियम एकच, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, आणि गिअर माथ्याच्या आधी ठरवा. उतारावर क्लचला पाय लावायचा नाही. हे सिंक्रोमेशवाल्यांनाही लागू आहे, कारण एवढा लोड मागं असताना रिंग कमी पडू शकते. आणि बऱ्याच ट्रॅक्टरला सिंक्रो फक्त वरच्या दोन-तीन गिअरांनाच असतो, हाय-लोच्या लिव्हरला तर बहुतेक वेळा नसतोच, ती उभं राहूनच बदलायची. डीलरला सरळ विचारा, "कुठल्या कुठल्या गिअरला सिंक्रो रिंग आहे?"

पॉवर शटल ही वेगळीच गोष्ट. स्टिअरिंगजवळच्या एका दांडीनं क्लच न दाबता पुढं-मागं करता येतं, आत तेलाच्या दाबावर चालणारे दोन ओले क्लच असतात, एक पुढचा एक मागचा. लोडर लावून शेणखत भरणारा माणूस दिवसात शेकडो वेळा पुढं-मागं करतो, त्याचा पाय वाचतो. ऊस ओढायला त्याचा काही उपयोग नाही. आणि इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो, म्हणून बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू होत नाही, गिअरात ठेवून उतारावर लावला तरी थांबत नाही, हँडब्रेक लावलाच पाहिजे.

आता हंगामाआधी घरीच करायची तपासणी. ट्रॅक्टर उभा, इंजिन स्लो, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरी कर्रकर्र आली तर बहुतेक वेळा दोष गिअरबॉक्सचा नसतो, क्लच पूर्ण सुटत नाही, पेडलचा प्ले पुस्तकात दिलाय तसा करून घ्या. उभ्यात गिअर छान पडतो पण चालत्यात एकाच गिअरला आवाज येतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलीय असा संशय घ्या. आणि ओढताना किंवा ॲक्सिलेटर सोडल्यावर लिव्हर आपोआप न्यूट्रलला येत असेल तर कॉलरच्या दातांच्या कडा गोल झालेल्या असू शकतात किंवा लिव्हरखालची स्प्रिंग-गोळी गेलेली असते, आणि काहीजण अशा लिव्हरला रबर बांधून हंगाम काढतात. तसं करू नका, त्या ट्रॅक्टरला मेकॅनिककडनं उघडून बघितल्याशिवाय ट्रॉली जोडू नका.