‘करमत न्हाई’ ऐकलं की या चुका टाळा

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आजीचं उदाहरण घेऊ. वय अडुसष्ट, मुलगा-सून पुण्यात, घरी एक म्हैस. आशाताईंनी म्हातारपणातलं नैराश्य ओळखायची १५ प्रश्नांची प्रश्नावली, जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल, घेतली. त्यातल्या दहा प्रश्नांपैकी तिनांना आजी ‘होय’ म्हणाल्या. उरलेल्या पाचांपैकी एकालाच ‘होय’, चारांना ‘न्हाई’. ताईंनी ‘होय’ मोजले, चार झाले. पाचाच्या आत, म्हणजे ठीक.

चूक इथंच झाली. ‘आयुष्याबद्दल समाधानी आहात का?’ यासारखे पाच प्रश्न उलटे असतात, त्यांना ‘नाही’ म्हटलं की एक गुण. बरोबर बेरीज तीन अधिक चार, सात. पाच किंवा जास्त आले की पुढची तपासणी हवी. पाच उलट्या प्रश्नांपुढे आधीच तांबड्या पेनानं खूण करून ठेवा.

दुसरी चूक अंगणात, शेजारणींसमोर विचारण्याची. तिथं कुठली आई ‘पोरं इचारत न्हाईत’ म्हणेल? दूध डेअरीला घालून आल्यावर, आत बसून विचारा. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर तिथल्या तिथं मनानं भाषांतर करू नका. तपासलेली मराठी प्रत आधीच मागवून घ्या. ऐकू कमी येत असेल तर आधी कान बघा, नाहीतर ‘होय होय’ म्हणून मोकळ्या होतात.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. ‘करमत न्हाई बघ’ हे एकटेपणातही म्हणतात आणि नैराश्यातही. मी एक विचारतो, ‘गणपतीला लेक आला तेव्हा कसं वाटलं, आजी?’ चार दिवस घर भरल्यावर चेहरा खुलला असेल तर बहुधा एकटेपणा. लेक समोर असूनही जेवण गेलं नाही, पहाटे तीनला जाग आली, म्हशीकडंही बघवेना, आणि हे दोन आठवडे चाललं असेल तर नैराश्याचा संशय घ्या. हा अंदाज आहे, निदान नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि चालू गोळ्या बघून घ्या. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच मलूल होतो. विसरभोळेपणा बराच असेल तर या प्रश्नावलीच्या गुणांवर विसंबू नका.

‘जगून काय करू असं वाटतं का?’ हा प्रश्न या पंधरात नाही, तो वेगळा विचारावा लागतो. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘होय’ आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

आता उपाय. ‘मुलाला रोज व्हिडिओ कॉल करायला सांगा’ हा सगळ्यांचा आवडता सल्ला. पण फोन ठेवल्यावरचं घर तेवढंच रिकामं असतं. त्यापेक्षा आठवड्यातली दोन कामं ठरवा: वार, वेळ आणि न्यायला येणारं माणूस यांसह. आजींसाठी मंगळवारी डेअरीवरून परतताना शेजारणीबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत चालणं, आणि एकादशीऐवजी दर शनिवारी भजन. एकादशी पंधरा दिवसांनी येते, तेवढं अंतर फार होतं. ‘मन लागलं की जाईन’ असं म्हणू देऊ नका. आधी जायचं, मन मागून येतं. चार आठवड्यांनी तेच पंधरा प्रश्न पुन्हा, त्याच ताईंनी, त्याच खोलीत.