चाळिशी लागली की होणाऱ्या चुका, आणि मोनोव्हिजनचा घरगुती प्रयोग

माझ्या खुर्चीत बसणाऱ्या पंचेचाळिशीतल्या दर तिसऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, सहा महिन्यांपूर्वी सगळं व्यवस्थित होतं, एकदम काय झालं कळत नाही." एकदम काही झालेलं नसतं. पण असं समजण्यातूनच पुढच्या बहुतेक चुका निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

"एकदम झालं" असं समजणं

डोळ्यातलं भिंग जवळचं बघताना फुगीर होतं आणि लांबचं बघताना चपटं. हे भिंग जन्मभर वाढत असतं. त्यात नवे तंतू बाहेरून चढत जातात, जुने मात्र गळून पडत नाहीत. ते आत दाबले जातात आणि गाभा वर्षानुवर्षं कडक होत जातो. भिंगाला आकार देणारा स्नायू पंचेचाळिसाव्या वर्षीही चांगला काम करत असतो, फक्त तो ज्याला वाकवू पाहतो ते भिंगच वाकत नाही. म्हणून डोळ्यांचे व्यायाम, पेन्सिल नाकाजवळ आणणं, हिरवळीकडे बघणं यांनी चाळिशी जात नाही. स्नायूला व्यायाम देऊन कडक झालेलं भिंग मऊ कसं होणार?

ही घसरण लहानपणापासूनच चालू असते. आमच्याकडे त्यासाठी एक जुनं ढोबळ सूत्र वापरतात : १८.५ मधून वयाच्या ०.३ पट वजा करा, म्हणजे डोळ्याची जवळ बघण्याची सरासरी ताकद डायऑप्टरमध्ये मिळते. विसाव्या वर्षी ती साडेबारा येते, पंचेचाळिसाव्या वर्षी पाच. आता मोबाईल किंवा पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरलं तर १०० भागिले ४०, म्हणजे अडीच डायऑप्टर ताकद लागते. पाच असताना अडीच लागली तर अडचण काय? अडचण अशी, की कोणताही माणूस आपली सगळी ताकद तासन्‌तास लावू शकत नाही. साधारण अर्धी वापरली तरच आरामात वाचता येतं. पाचाची निम्मी अडीच. म्हणजे पंचेचाळिशीच्या आसपास गरज आणि आरामाची ताकद नेमकी बरोबरीला येते, आणि पुढे गरज जड होते. लहानपणापासून उतरत आलेलं पाणी पाइपाच्या तोंडाखाली गेलं की नळ बंद पडतो, तसं. तुम्हाला बंद पडलेला नळ दिसतो, टाकी मात्र कधीची रिकामी होत असते.

त्यातच उजेडाचा भाग. भर दुपारी अंगणात बाहुली बारीक होते, त्यामुळे बारीक अक्षरही स्पष्ट दिसतं आणि माणूस म्हणतो, "माझे डोळे ठीक आहेत." रात्री हॉटेलात मेनू आला की मोबाईलचा टॉर्च निघतो.

"चष्मा लावला की नंबर वाढतो" म्हणून टाळणं

नाही वाढत. भिंग तुमच्या चष्म्याला विचारून कडक होत नाही. चष्मा न लावल्याने फक्त डोकं दुखतं. पुढे जा.

"प्रोग्रेसिव्ह जमला नाही, म्हणजे आता काही उपाय नाही"

हे ऐकून मला हसू येतं, कारण असं म्हणणाऱ्याच्या प्रोग्रेसिव्हची, म्हणजे एकाच काचेत वरून खाली लांबचं, मधलं आणि जवळचं दाखवणाऱ्या चष्म्याची, फ्रेम बहुतेकदा इतकी छोटी असते की वाचायचा भाग खालच्या कडेतच कापला गेलेला असतो. पण खरोखर न जमणारेही असतात, आणि त्यांना पर्याय आहेत. दिवसभर संगणकावर बसणाऱ्याला ऑफिस लेन्स, म्हणजे लांबचं सोडून मधलं आणि जवळचं रुंद दाखवणारी काच. दुकानात बिलं लिहिणाऱ्याला साधा बायफोकल. ज्याला फक्त पेपरच वाचायचा आहे त्याला साधा वाचायचा चष्मा. मायनस तीनच्या आसपास नंबर असलेल्याला सगळ्यात स्वस्त उपाय : चष्मा काढून वाचणं. अशा डोळ्याला काहीही न लावता सुमारे ३३ सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं.

डोळ्यात टाकायच्या थेंबांबद्दलही विचारतात. पिलोकार्पिनचे थेंब बाहुली बारीक करतात, म्हणजे वर सांगितलेली दुपारच्या अंगणातली युक्ती औषधाने घडवतात. अमेरिकेत असे थेंब २०२१ मध्ये मान्य झाले. आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका औषधाला परवानगी मिळाली आणि प्रचारातल्या दाव्यांवरून सप्टेंबरमध्येच ती स्थगित झाली. थेंबांचा परिणाम काही तासांचा असतो, आणि संधिप्रकाशात बारीक बाहुलीतून अंधार जास्त वाटतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासल्याशिवाय त्याकडे वळू नका.

आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांसाठी मोनोव्हिजन. एका डोळ्यात लांबची लेन्स, दुसऱ्यात जवळची. मेंदू ज्या वेळी जे हवं ते उचलतो आणि दुसऱ्या डोळ्याचा धूसरपणा बाजूला ठेवतो. वाचून विचित्र वाटतं, पण जमलं तर फार छान जमतं. माझी खरी चीड याच्याबाबतच्या घाईची आहे.

मोनोव्हिजन स्वतःच घरी ठरवणं

दोन वर्षांपूर्वी एक प्राध्यापिका आल्या. वय ४६, दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस तीन, कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स. गेले काही महिने लेन्स घालून उत्तरपत्रिका तपासता येत नव्हत्या. त्यांना आश्चर्य वाटत होतं, कारण लेन्स काढली की अक्षर सुरेख दिसे. त्यात आश्चर्याचं काही नाही. चष्मा काढून वाचण्याची सोय लेन्स घातल्यावर जाते. शिवाय मायनस नंबरवाल्याला चष्म्यापेक्षा लेन्समधून जवळचं बघायला थोडी जास्तच ताकद लावावी लागते, त्यामुळे लेन्सवाल्यांना चाळिशी आधी जाणवते.

त्यांनी कुठेतरी मोनोव्हिजनबद्दल वाचलं आणि स्वतःच लेन्सचे दोन डबे मागवले. "मी उजव्या हाताची आहे, म्हणून उजवा डोळा लांबचा ठेवला," असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. उजव्यात मायनस तीन, डाव्यात मायनस एक. म्हणजे जवळच्यासाठी प्लस दोनचा फरक. "एकदाच जास्त घेते, पुढची पाच वर्षं बघायला नको," हा हिशेब.

तीन आठवड्यांत काय झालं ऐका. चहा ओतताना धार कपाच्या कडेवर पडायची. स्कूटरवरून स्पीडब्रेकर किती पुढे आहे याचा अंदाज चुकायचा. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे पसरायचे. शिवाय दिवसातून वीस वेळा एक डोळा मिटून "हा बरोबर दिसतोय का, तो दिसतोय का" हे तपासणं. कपाळ दुखून हैराण.

मी दोन चाचण्या केल्या, दोन्ही मिळून पाच मिनिटांच्या. पहिली : हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच राहतं तो नेम धरणारा डोळा. त्यांचा डावा निघाला. हात उजवा असला म्हणून डोळाही उजवाच असेल असं नाही. दुसरी चाचणी मला जास्त विश्वासाची वाटते : लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना लावून, दोन्ही उघडे ठेवून तक्ता बघायला सांगायचं आणि प्लस दीडची काच आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यासमोर धरायची. ज्या डोळ्यासमोर ती जास्त खटकते तो डोळा लांबचाच ठेवायचा. तिथेही डावाच.

म्हणजे बाईंनी मेंदूचा लाडका डोळा जवळच्या कामाला लावला होता, आणि तोही फरक दोनचा ठेवून. दोन डोळ्यांतला फरक जितका मोठा, तितकी खोलीची जाणीव कमी होते, आणि मेंदूला धूसर चित्र बाजूला ठेवणंही तितकंच अवघड जातं. मी सव्वापासून सुरुवात करते, दीडच्या पुढे मोठ्या नाइलाजाने जाते. त्यांना डाव्यात मायनस तीन दिली आणि उजव्यात मायनस पावणेदोन. आधी दोन आठवडे ट्रायल लेन्स, पहिले चार दिवस स्कूटर बंद, आणि एक डोळा मिटून बघायला सक्त मनाई. हे शेवटचं मी फार कडकपणे सांगते. मोनोव्हिजन दोन्ही डोळ्यांनी मिळून बघायची गोष्ट आहे. एकेक डोळा तपासत राहिलात तर मेंदूला सवय लागायची कशी?

दहाव्या दिवशी फोन आला की उत्तरपत्रिका झाल्या, चहा कपात पडतो. रात्रीचे दिवे मात्र अजून पसरतात. ते पसरणारच होते. त्यासाठी त्यांना वरून लावायचा एक चष्मा करून दिला : उजव्या काचेत मायनस सव्वा, डावी कोरी. तो लावला की दोन्ही डोळे लांबचे होतात. स्कूटरच्या डिकीत ठेवतात. हा चष्मा करायला लोक पैसे वाचवतात आणि मग रात्री गाडी चालवताना मोनोव्हिजनला शिव्या देतात.

ज्यांना मी मोनोव्हिजन देत नाही

एक डोळा लहानपणापासून कमजोर असेल तर नाही, कारण जवळच्या कामाला लावायला दुसरा चांगला डोळाच हवा. रात्रीच्या पाळीचा ड्रायव्हर, उंचावर काम करणारा कामगार यांना नाही. सिलिंडर नंबर पाऊणच्या वर असेल तर आधी टोरिक लेन्सने तो काढायचा, मग पुढचं बोलायचं. मोठा फरक सहन न होणाऱ्यांसाठी मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स आहे. तिच्यात एकाच लेन्समध्ये लांबचं आणि जवळचं दोन्ही असतं, अक्षर जरा फिकट वाटतं, पण दोन्ही डोळे एकत्र काम करतात. पन्नाशीनंतर जवळची गरज वाढली की मोनोव्हिजनवालेही हळूहळू तिकडे सरकतात.

छोट्या चुका, एकेका ओळीत

नळाच्या पाण्याने लेन्स धुणं : करू नका, त्यातले जंतू बुबुळ खातात.

मैत्रिणीचा रेडीमेड चष्मा घेऊन "हा बरा वाटतो" म्हणत त्यावरून स्वतःचा नंबर ठरवणं : तो तिचा नंबर आहे.

दोन आठवड्यांत नंबर बदलला म्हणून नवा चष्मा करणं : आधी साखर तपासा, मधुमेहात नंबर वर-खाली होतो.

एकाच डोळ्याने लांबचंही धूसर दिसतंय, रेषा वाकड्या दिसतायत आणि तुम्ही त्याला चाळिशी म्हणताय : चाळिशी दोन्ही डोळ्यांना लागते आणि जवळचंच धूसर करते. असं काही असेल तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.