पांढऱ्या फोटोत चपला जमिनीवर कशा टेकवल्या

विक्रीसाठी टाकायचे कोल्हापुरी चपलांचे फोटो एडिट होऊन आले, ते हवेत तरंगल्यासारखे. ‘पांढरं बॅकग्राउंड’ वाचून एडिटरने सावलीही कापली होती. मग सूचना अशी लिहून दिली: बॅकग्राउंड कडेपर्यंत 255, 255, 255, म्हणजे शुद्ध पांढरं. मूळ सावली वेगळ्या लेयरवर, Multiply या ब्लेंड मोडमध्ये ठेवा, म्हणजे ती खालच्या पांढऱ्यावर मिसळून दिसेल. तळ टेकतो तिथे गडद, बाहेर विरत जाणारी, फ्रेमच्या कडेआधी संपणारी. सॉफ्टवेअरची तयार ड्रॉप शॅडो अजिबात नको.

आता फाइल आली की फोटोशॉपमध्ये वर, सगळं फक्त काळं-पांढरं करणारा Threshold लेयर टाकून 255 वर नेतो. काळं दिसतं ते शुद्ध पांढरं नाही. चपलेभोवती काळा पट्टा हवाच, ती सावली. कोपऱ्यात काळे ठिपके दिसले तर फाइल परत. मग तो लेयर बंद करून सावली बघतो: चपलेचं टोक किंचित उचललेलं असतं, तिथे सावली मऊ दिसायला हवी. सगळीकडे सारखीच गडद असेल तर ती नंतर रंगवलेली.