दम लागला म्हणून ऑक्सिजनच्या प्रवाहाला हात लावू नका

सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या आजोबांना डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन लिहून दिलाय. रात्री धाप वाढते, आणि घरातलं कुणीतरी घाईघाईने कॉन्सन्ट्रेटर या ऑक्सिजन मशीनवरची प्रवाह दाखवणारी गोळी ४ वर नेतं. बोटावरचं ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के दाखवतं, सगळे निर्धास्त. पण अशा रुग्णांत साधारण ८८ ते ९२ पुरे असतं. ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. सकाळी डोकं जड, बोलता बोलता झापड, असं दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन. धाप आहे पण आकडा ९१ आहे, तर प्रवाह वाढवून फारसं काही साधत नाही; लिहून दिलेला इनहेलर पंप घ्या, तरी थांबली नाही तर दवाखाना गाठा.

स्थिर बसल्यावरही आकडा सतत ८८ किंवा खाली असेल, त्यालाच या मशीनचा खरा फायदा, तोही रोज किमान १५ तास लावल्यावर.

आणि समई, उदबत्ती, गॅस, विडी यांपासून निदान दहा फूट लांब. नळी चालू ठेवून गादीवर टाकू नका, कापडात ऑक्सिजन मुरतो. मशीन बंद केल्यावरही स्वेटर लगेच शेगडीजवळ नको.